यातला एक दात खोटा आहे

माझ्या आतेबहिणीने, म्हणजे ताईने, देवळाली कॅम्पात दातांचा दवाखाना काढला तेव्हा मी पुण्याहून सुट्टीवर आलो होतो. घरात कोणी सॉफ्टवेअरमध्ये असला की त्याला प्रिंटरपासून पत्रिकेपर्यंत सगळं येतं, असा समज असतो. त्यामुळे जाहिरातीचं डिझाइन माझ्याकडे आलं. फ्लेक्सवाल्याने तीन नमुने पाठवले होते. ते बघ आणि सांग, एवढंच काम होतं.

तिन्ही नमुन्यांवर एकच बाई होती, फक्त मागचा रंग बदलला होता. बाई परदेशी, तोंड भरून हसणारी, आणि दात पांढरे. पांढरे म्हणजे बाथरूमच्या नव्या टाइल्ससारखे. मी चित्र मोठं करून पाहिलं तर दोन दातांमधली रेघच नव्हती. एक लांब पांढरी पट्टी होती आणि तिच्यावर कुणी तरी पेन्सिलीने हलक्या खुणा केल्यासारखं वाटत होतं.

"काय खटकतंय सांग," ताई म्हणाली.

मला सांगता येईना. काही तरी विचित्र आहे हे कळत होतं, पण बोट ठेवता येत नव्हतं. मग सवयीप्रमाणे मी चित्रातल्या रंगांचे आकडे काढले. स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा शून्य ते २५५. दातांवर आकडे आले २५३, २५४, २५५, म्हणजे जवळजवळ कोरा कागद. त्याच बाईच्या डोळ्यातला पांढरा भाग मात्र २२० च्या आसपास होता आणि किंचित लालसर. एकाच चेहऱ्यावर, एकाच उजेडात, दात डोळ्यांपेक्षा पांढरे होते. फोटोला टचअप करणारे लोक ही चूक ओळखायला हाच नियम वापरतात: दात डोळ्यांच्या पांढऱ्यापेक्षा उजळ झाले की हात आखडता घ्यायचा. इथे कुणी घेतला नव्हता.

माणसासारखं दिसणारं पण पुरतं माणसासारखं नसणारं काही पाहिलं की अंगावर काटा येतो, यावर मासाहिरो मोरी या जपानी रोबोटशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटा निबंध लिहिला होता. आज आपण त्याला ‘अनकॅनी व्हॅली’ म्हणून ओळखतो. त्यात त्याने कृत्रिम हाताचं उदाहरण दिलं आहे. हात इतका हुबेहूब असतो की आपण हस्तांदोलनाला पुढे होतो, आणि मग त्याचा थंड स्पर्श लागून दचकतो. तो हात दिसायला कितपत जमलाय हे सांगताना मोरीने तुलना केली आहे ती कवळीच्या दातांशी. म्हणजे दात हे या भीतीच्या काठावरच बसलेले आहेत, हे त्याच्याही लक्षात आलेलं होतं.

ताईने ड्रॉवरमधून एक पट्टी काढली. तिच्यावर खोट्या दातांचे १६ नमुने ओळीने लावलेले, प्रत्येकाखाली अक्षर आणि आकडा. ए म्हणजे तांबूस-तपकिरी छटा, बी पिवळसर, सी करडी, डी तांबूस-करडी. आकडा वाढेल तसा रंग गडद. याला शेड गाईड म्हणतात. दाताला कॅप बसवायची असेल तर आजूबाजूच्या दातांशी ही पट्टी जुळवून रंग ठरवतात.

"यातला कुठला तुझ्या फ्लेक्सवर आहे?" तिने विचारलं.

कुठलाच नव्हता. सगळ्यात उजळ नमुनाही त्या बाईच्या दातांपुढे दुधातल्या सायीसारखा पिवळट दिसत होता. ताई म्हणाली, आता लोकांची मागणी इतकी वाढली आहे की कंपन्यांनी या १६ च्याही वर आणखी पांढरे ‘ब्लीच शेड’ काढले आहेत. मला हे फार चमत्कारिक वाटलं. मोजपट्टी माणसांच्या तोंडावरून बनवली होती. मग जाहिराती पाहून माणसांनी मोजपट्टीच्या बाहेरचं मागितलं आणि मोजपट्टी लांबवण्यात आली.

खरा दात पांढरा का नसतो, हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. दाताचं बाहेरचं कवच, इनॅमल, हे दुधी काचेसारखं अर्धपारदर्शक असतं. त्याच्या आत डेंटिन असतं, ते पिवळसर असतं, आणि आपल्याला दिसतो तो रंग मुख्यतः त्या आतल्या डेंटिनचा. हिरडीजवळ इनॅमल पातळ असतं म्हणून तिथे दात पिवळा दिसतो. टोकाला आत डेंटिनच नसतं म्हणून तिथे किंचित निळसर, काचेसारखी कड दिसते. सुळे पटाशीच्या दातांपेक्षा गडद असतात. वय वाढतं तसं इनॅमल झिजतं, डेंटिन जाड होतं आणि निरोगी दातही पिवळा होत जातो. पिवळा म्हणजे घाण, हे समीकरण आपण जाहिरातींतून शिकलो. उलट, कीड लागायला सुरुवात होते तेव्हा दातावर पहिल्यांदा उमटतो तो खडूसारखा पांढरा डाग. म्हणजे कधी कधी तोंडातली सगळ्यात पांढरी जागा हीच सगळ्यात आजारी असते.

मराठीत दातांना उपमा दिल्या त्याही मोत्याची, कुंदकळीची, डाळिंबाच्या दाण्यांची. यातलं काहीच चुन्यासारखं पांढरं नाही. सगळ्यांना आतून उजेड आहे. आणि एकेकाळी आपल्याकडे लग्न झालेल्या बायका दातवण लावून दात काळे करत आणि ते शोभेचं मानलं जाई. तेव्हा पांढरेपणा हा काही निसर्गाचा हुकूम नाही.

आता जाहिरातीवर काय लावायचं? ताई म्हणाली, "आईचा फोटो लावू."

आत्या दीड वर्षापूर्वी बाथरूममध्ये घसरली होती. वरचा पुढचा एक दात अर्धा तुटला. ताईनेच रूट कॅनाल केलं आणि कॅप बसवली. ऐकायला सोपं वाटतं, पण पुढचा एकच दात बदलणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम असतं. चार-सहा दात एकदम बदलले तर ते एकमेकांशी जुळले की झालं. एकटा दात शेजारच्या जुळ्या भावाशी जुळावा लागतो, आणि ते दोघं हसण्याच्या अगदी मधोमध उभे असतात.

ताईने त्याची सगळी गोष्ट सांगितली. रंग बघायचा तो काम सुरू करायच्या आधी, पहिल्या मिनिटात. कारण तोंड उघडं राहिलं की दात सुकतात आणि सुकलेला दात पांढरा दिसतो. घासलेली काच ओली असताना पारदर्शक होते आणि वाळली की पांढरी, तसंच. लिपस्टिक पुसायची, खिडकीच्या उजेडात बघायचं, पट्टी दाताजवळ धरून चार-पाच सेकंदच पाहायचं आणि मग डोळ्यांना विसावा द्यायचा, कारण टक लावून पाहिलं की डोळे फसतात. आत्याचा दात हिरडीजवळ ए-३.५, मध्ये ए-३ आणि टोकाला काचेसारखा निघाला.

लॅबमधून पहिली कॅप आली ती ए-३ च होती. दवाखान्याच्या ट्यूबलाइटखाली बरोबर जुळली. आत्या गेटबाहेर उन्हात गेली आणि ताईच्या पोटात गोळा आला. उन्हात तो एक दात निर्जीव दिसत होता, भिंतीवरच्या स्विचसारखा. दोन वस्तू एका उजेडात एकाच रंगाच्या दिसतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळ्या, हे साड्यांच्या दुकानात सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. म्हणून तर काकू लोक साडी घेऊन दाराशी येतात. शिवाय त्या कॅपमधून उजेड आरपार जात नव्हता, सगळा पृष्ठभागावरूनच परत येत होता. ताईने ती लॅबला परत पाठवली, सोबत खिडकीच्या उजेडातला फोटो आणि शेजारच्या दाताचं छोटं चित्र: इथे पिवळा, इथे काच, इथे एक बारीक उभी रेघ, कारण आत्याच्या खऱ्या दातावर ती रेघ होती. दुसरी कॅप आली तिच्यावर ती रेघही होती.

मी इथे अडखळलो. म्हणजे ताईने पैसे देऊन खोट्या दातात खरा दोष घालून घेतला होता.

"दोष कशाला म्हणतोस? ती ओळख आहे," ती म्हणाली.

पण मग ताईच्या कामाची जाहिरात करायची कशी? तिचं काम उत्तम झालं तर ते दिसत नाही. पांढरी पट्टी दुरून दिसते, म्हणून पांढरी पट्टी विकली जाते. लोकांना न कळणारा दात हेच ज्याचं यश, त्याने रस्त्यावर काय लावावं? हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण मला पहिल्यांदा दुसऱ्या बाजूने समजली. दाखवायच्या दातांचा बाजार असतो. खायच्या दातांचा नसतो.

मी म्हटलं, आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी लावू, पुरावाच देऊ. ताई हसली. दात उजळ करण्याच्या उपचारात, तिने सांगितलं, पेशंट तासभर तोंड उघडं ठेवून बसतो. दात उजळतात हे खरं, पण ते सुकलेलेही असतात. तेव्हाच ‘नंतरचा’ फोटो काढला तर त्यात औषधाचा परिणाम आणि सुकेपणाचा परिणाम दोन्ही मिसळलेले असतात. एका दिवसात लाळेने दात पुन्हा ओले होतात आणि रंग थोडा मागे येतो. त्या फोटोत एक ठिपकाही बदललेला नसतो. तरी तो खोटं बोलतो.

मला हे अनेक दिवस पुरलं. आमच्या कामातही हेच असतं. डेमोच्या दिवशी आपण तीच माहिती भरतो जिच्यावर प्रोग्रॅम अडकत नाही. एकही आकडा खोटा नसतो. खोटेपणा आकड्यात नसतो, वेळ निवडण्यात असतो. ‘फोटो एडिट केलेला नाही’ हे म्हणून नैतिकतेचा प्रश्न सुटत नाही, तिथून तो सुरू होतो.

आणि खरं खोटं तर पुढे होतं. फोटो काढायला आत्याला खिडकीशी बसवलं. सकाळचे अकरा, सरळ ऊन नाही, मोकळा उजेड. तिच्या हातात एक करडं कार्ड दिलं, त्यावरून कॅमेऱ्याचा पांढरा रंग ठरवला, म्हणजे भिंतीच्या पिवळेपणाचा दोष दातांवर येणार नाही. तिला ‘हस’ म्हटलं की ती ओठ मिटून हसायची. शेवटी माझ्या लहानपणचा काही तरी विषय निघाला आणि ती खरोखर हसली. तो फोटो चांगला आला. वरच्या दातांची ओळ खालच्या ओठाच्या कमानीला समांतर, गालाकडे दात सावलीत विरत गेलेले, एक सुळा जरा पुढे.

आत्याने फोटो पाहिला आणि म्हणाली, "छान आलाय रे. पण दात थोडे पांढरे कर ना. आणि हा सुळा आत घे. तुला येतं की नाही?"

मला येतं. दोन मिनिटांचं काम होतं. आणि मी तिथे बसून स्वतःला विचारत होतो की नाही म्हणायचा मला काय अधिकार. चेहरा तिचा आहे. तिने लग्नाच्या अल्बममध्ये चेहरा उजळ करून घेतला असता तर मी तत्त्वं सांगितली नसती. ‘नैसर्गिक सौंदर्य’ हे माझं मत तिच्या तोंडावर छापायचं, हीही जबरदस्तीच नाही का?

मी हे ताईला सांगितलं. तिने आत्याला एवढंच म्हटलं, "आई, अल्बमसाठी हवा असेल तर तो करून देईल. पण दवाखान्यात लावला की तो तुझा फोटो राहत नाही. बघणारी बाई आरशात स्वतःचे दात बघेल आणि तुझ्याशी ताडून पाहील."

मला हे वाक्य म्हणजे या सगळ्याचं उत्तर वाटलं. अल्बममधला फोटो ‘मी अशी दिसते’ असं म्हणतो. दवाखान्यातला फोटो ‘दात असे असावेत’ असं म्हणतो. पहिल्यात फसवणूक झाली तर ती एका माणसाबद्दल असते. दुसऱ्यात मोजपट्टीच बदलते, आणि बदललेल्या मोजपट्टीने आपण स्वतःला मोजतोय हे मोजणाऱ्याला कळतही नाही. त्यातून डॉक्टर म्हणजे साबणवाला नव्हे. उणीव दाखवणारा आणि ती भरून देण्याचे पैसे घेणारा इथे एकच माणूस असतो, आणि समोरच्याला उणीव आहे की नाही हे तपासता येत नाही. निरोगी, पिवळसर दातांच्या बाईला लाज वाटली आणि तिने दातांवर पांढरे पापुद्रे, म्हणजे व्हेनीअर बसवून घेतले, तर त्यासाठी बहुतेक वेळा इनॅमलचा अर्धा मिलिमीटर घासावा लागतो. इनॅमल परत उगवत नाही. फ्लेक्स उतरवता येतो, हे नाही.

म्हणूनच दंतवैद्यांच्या आचारसंहितेत, जी २०१४ साली नव्याने आली, पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करणं गैर मानलं आहे. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, असं कळवता येतं. बोर्ड अवाजवी मोठा नको. लॅम रोडवरून चालताना हे कुणाला माहीत असेल असं वाटत नाही, पण ताईला माहीत होतं. तिने फ्लेक्सवाल्याला बाहेरच्या बोर्डासाठी नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक एवढंच दिलं. तिन्ही नमुने परत गेले.

आत्या थोडी हिरमुसली. मग म्हणाली, "लाव तसाच. पण सुळ्याबद्दल कोणी बोललं तर मी तुझं नाव सांगणार."

फोटो आतल्या खोलीत, बाकासमोर लागला. कागदाचा आकार ए-३. ताई म्हणाली, शेडही तीच. खाली काय लिहायचं यावर आमचं बराच वेळ चाललं होतं. ‘नैसर्गिक हास्य’ मला नको होतं, कारण तेही आता विकायचं नाव झालं आहे. शेवटी मी लिहिलं: ‘यातला एक दात खोटा आहे. कोणता?’

हे वाक्य मला फार आवडलं होतं. खोट्या दाताबद्दलचं सगळ्यात खरं वाक्य. पांढऱ्या पट्टीतला एकही दात कदाचित कृत्रिम नसेल, पण ते चित्र खोटं. इथे दात कृत्रिम, आणि चित्र खरं. माझी खात्री होती की प्रामाणिक जाहिरातीचा प्रश्न मी सोडवला आहे.

ताईने वाक्य वाचलं, मान डोलावली, आणि विचारलं, "पहिली कॅप परत पाठवली होती, ते कुठे आहे यात?"

नव्हतं. मी पण जमलेला दिवसच निवडला होता. डेमोच्या दिवसासारखा. ज्याचा दात पहिल्या खेपेला जुळणार नाही, तो या फोटोकडे बघून म्हणेल की माझ्याच बाबतीत काही तरी चुकलं. आणि कॅपसाठी दात चहूबाजूंनी मिलिमीटरभर तरी घासावा लागतो, हेही त्यात नव्हतं. आत्याचा दात तुटलेलाच होता म्हणून ते योग्य होतं. धड दातावर ते योग्य नसतं.

त्या वाक्याखाली ताईने स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या: ‘दात तुटला होता म्हणून कॅप बसवली. दुसऱ्या प्रयत्नात जुळली.’

मी परवा पुन्हा गेलो होतो. हवापालटासाठी मुंबईहून आलेले एक आजोबा बाकावर बसून फोटो निरखत होते. जरा वेळाने ठामपणे म्हणाले, "हा सुळा. हाच खोटा."

आत्या आतून ओरडली, "तो माझा आहे!"